अमोनियाचे एकोणचाळीस अंश

आखाडा बाळापूरच्या बाजारात कुणाच्या घरी काय बिनसलं ते त्या घरच्यांच्या आधी शेजाऱ्याला कळतं. अशा गावात जुलेखा मॅडमबद्दल बोलायला काहीच सापडू नये, ही गावाची मोठी पंचाईत होती. बाई वेळेवर यायची, वेळेवर जायची, कुणाकडं उधारी नाही, कुणाशी अबोला नाही. नवरा अय्याज, त्याचं खिळे-पत्र्याचं दुकान. तोही इतका साधा, की गिऱ्हाईकानं पाव किलो खिळे मागितले तर वरून चार जास्त टाकायचा. बोलणार तरी काय?

शेवटी गावानं तिच्या आवाजावर समाधान मानलं. आवाज म्हणजे असा, की ती अकरावीच्या वर्गात हॅलोजन शिकवायला लागली की रस्त्यापलीकडच्या हॉटेलात गिऱ्हाईक चहाचा कप हातात धरून थांबायचं. हॉटेलवाला तर पैजेवर सांगायचा, की फ्लोरिन सगळ्यात हावरा आणि हेलियम सगळ्यात माजोरडा, कुणाशी बोलत नाही. त्याचं शिक्षण सातवी. फी एक रुपया नाही.

जुलेखा मूळची हट्टा गावची, अबूबकर टेलरची थोरली. बापाच्या दुकानात मशीनखाली बसून अभ्यास केला, परभणीला बीएस्सी, नांदेडला एमएस्सी, आणि लग्न होऊन बाळापुरात आली ती थेट इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात. पण आली ती तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढ्याचे. दिवाळीची सुटी लागली की बाईची कमाईही सुटीवर. तिच्यामागून आलेले पूर्णवेळ झाले, त्यांची नावं फळ्यावर पांढऱ्या रंगात लागली. जुलेखा अकरावीला शिकवायची आणि बारावीचा वर्ग आला की खडू दुसऱ्याच्या हातात द्यायची. हे तिला सलायचं. आपण वर्षभर अक्षर गिरवून घ्यायचं आणि बोर्डाच्या पेपरच्या वर्षी पोरं दुसऱ्याच्या ओंजळीत, हे काही खरं नाही, असं ती अय्याजला सांगायची. अय्याज मान हलवायचा. मान हलवणं हा त्याचा दुसरा धंदा.

त्या वर्षी मात्र योग जुळून आला. संस्थेनं प्रयोगशाळेची नवी खोली बांधली आणि रसायनशास्त्राची एक पूर्णवेळ जागा भरायची ठरवली. बारावी त्या जागेबरोबर. जुलेखाचं नाव पुढं होतं, पण नांदेडच्या एका क्लासमधला प्रमोद नावाचा तरुणही अर्ज टाकून बसला होता. त्याचा कोट चांगला होता आणि मोबाइलवर त्याचे व्हिडिओ होते. निर्णय कार्यकारिणीच्या बैठकीत व्हायचा होता आणि बैठक नव्या प्रयोगशाळेतच घ्यायची ठरली, कारण संस्थेत धड खुर्च्या तेवढ्या तिथंच होत्या.

मुख्याध्यापकांनी सुचवलं, मॅडम, भिंत कोरी दिसते, काहीतरी रंगवून घ्या. जुलेखाला तेवढंच पाहिजे होतं. तिनं कय्युम पेंटरला बोलावलं.

कय्युम म्हणजे बाळापूरचा नामवंत कलाकार. ट्रॉलीच्या पाठीवरचा वाघ, रसवंतीवरचा ऊस, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, सगळं त्याच्या ब्रशातून उतरलेलं. त्याचा एकच नियम: डावीकडं जे आहे ते उजवीकडं असलं पाहिजे. एकदा निवडणुकीत उमेदवाराच्या डाव्या गालावरचा तीळ त्यानं उजव्या गालावरही काढला होता. उमेदवार पडला, लोक अजून तिळाला दोष देतात.

जुलेखानं भिंतीवर खडूनं तीन आकृत्या आखून दिल्या. सगळ्यात वर, छताजवळ, मिथेन. त्याच्याखाली अमोनिया. आणि खाली, पोरांच्या डोळ्यासमोर, पाणी. अमोनियात मध्ये नायट्रोजनचा निळा गोळा, खाली डाव्या-उजव्या बाजूला एकेक हायड्रोजन, तिसरा हायड्रोजन आपल्या अंगावर येतोय असा, रुंद होत जाणाऱ्या पाचरीनं जोडलेला. आणि नायट्रोजनच्या डोक्यावर फुगीर पाकळी, तिच्यात दोन ठिपके. पाण्यात मध्ये ऑक्सिजनचा लाल गोळा, खाली दोन हायड्रोजन पाय फाकवल्यासारखे, वर दोन पाकळ्या, सशाच्या कानांसारख्या.

कय्युम मागं सरकून बघत राहिला. त्याला काही पटेना.

"आपा, ये पानी टेढा दिखता," तो म्हणाला. "दोनों को सीधा एक लाइन में कर देतूं? अच्छा दिसेंगा."

"भाई, पानी को टेढा ही रहने देव. सीधा करे तो पानी पानी नै रहता."

कय्युमनं तिच्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जशी तो मोबदल्यावर घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाईकाकडं पाहायचा. पण तिनं कोनमापक लावून पाण्याचा कोन आखला होता, एकशे साडेचार अंश, आणि त्या रेघेवरून ब्रश सरकला तर पुन्हा रंगवून घेईन असा दम दिला होता. तेव्हा त्यानं निमूट रंगवलं. फक्त पाण्याच्या दोन पाकळ्या अगदी जुळ्या काढल्या. तेवढं समाधान कलाकाराला लागतंच.

वर्गात जुलेखा हा धडा कसा शिकवायची, हे बाळापुरात बायकांनाही पाठ होतं, कारण पोरी घरी जाऊन सांगायच्या. ती म्हणायची, नायट्रोजनच्या घरी इलेक्ट्रॉनच्या चार जोड्या. चौघी एकमेकींपासून जेवढं लांब बसता येईल तेवढं लांब बसणार, कारण एकीचं दुसरीशी पटत नाही. चौघी सारख्या असत्या तर प्रत्येकीत एकशे साडेनऊ अंशांचं अंतर. मिथेनमध्ये तसंच आहे, तिथं चारी जोड्यांना चार हायड्रोजन. पण अमोनियात तिघीच नांदायला गेलेल्या. नांदणाऱ्या जोडीला इकडून नायट्रोजन ओढतो, तिकडून हायड्रोजन, म्हणून ती बिचारी अंग चोरून मध्ये उभी. चौथी माहेरीच. तिला तिकडून ओढणारं कुणी नाही. ती नायट्रोजनच्या जवळ, बाजेवर, ऐसपैस पसरते. माहेरी आलेली लेक अशी पसरली की बाकीच्यांनी सरकायचं. तिघी एकमेकींच्या जवळ ढकलल्या जातात, कोन एकशे सातवर येतो. आणि पाण्यात? ऑक्सिजनच्या घरी एकाच वेळी दोन लेकी माहेरी. उरलेल्या दोघींना आणखी दाटीवाटी, एकशे साडेचार.

तर अशा त्या माहेरवाशिणी भिंतीवर चढल्या आणि रंग वाळला. बैठकीला आठवडा होता. जुलेखाला वाटलं, आता अल्लाची मेहरबानी. अल्लाची होतीही. पण मध्ये संतराम काका आले.

संतराम काका भूमापनातून निवृत्त झालेले. सारा जन्म शेतं मोजण्यात गेला. तालुक्यात असा बांध नाही ज्यावर ते उभे राहिले नाहीत आणि असे दोन भाऊ नाहीत ज्यांच्या शिव्या त्यांनी ऐकल्या नाहीत. आता संस्थेच्या कार्यकारिणीत होते. माणूस सरळ, पैशानं न वाकणारा, पण मोजल्याशिवाय कशावर विश्वास नाही. घरात नवी बाज आली तरी कर्ण मोजून बघायचे. त्यांची बायको शालूबाई म्हणायची, लग्नात मंगळाष्टकं चालू होती तरी यांचं लक्ष मांडवाच्या खांबांकडं, एक खांब तिरपा होता म्हणून. खरं-खोटं शालूबाईला माहीत. पण ती हे सांगताना काका कधी नाही म्हणायचे नाहीत.

त्यांची नात कोमल जुलेखाच्या वर्गात. तिनं भिंतीवरची आकृती वहीत उतरवली आणि घरी पेन्सिलीनं रंगवत बसली. काकांनी बघितलं. कोन लिहिलेला एकशे सात. काकांनी नातीचं कोनमापक उचललं, लावलं आणि कपाळाला आठी घातली. पोरीनं चुकीचं उतरवलं असेल म्हणून दुसऱ्या दिवशी स्वतः प्रयोगशाळेत आले. भिंतीला कोनमापक लावलं. पाणी बरोबर निघालं, अर्ध्या अंशापर्यंत. मान हलवली. मग अमोनियाला लावलं. डाव्या आणि उजव्या हायड्रोजनमध्ये एकशे तीस. डाव्या आणि मधल्यात पासष्ट. उजव्या आणि मधल्यात पासष्ट. एकशे सातचा कुठं मागमूसच नाही. मिथेन छताजवळ होतं म्हणून वाचलं. तिथवर काकांचा हात पोचला नाही.

जुलेखा तास संपवून बाहेर आली तेव्हा काका दारातच उभे.

"मॅडम, हे अमोनियाचं काहून चुकलं?"

जुलेखाला घाई होती. ती हसून म्हणाली, "काका, पुस्तकात असंच आहे."

बस. हीच चूक. आयुष्यभर ज्या माणसानं नकाशावर असंच आहे हे वाक्य ऐकून मोजणीची साखळी बाहेर काढली, त्याला पुस्तकाचं नाव सांगायचं नसतं.

"पुस्तक मी मोजलं न्हाई," काका शांतपणे म्हणाले. "भिंत मोजली. आणि दुसरं. एका ठिकाणाहून तीन रेघा निघाल्या तर तीन कोन, आणि तिन्ही मिळून तीनशे साठ. तुमचे तीन वेळा एकशे सात, तीनशे एकवीस. एकोणचाळीस अंश कुठं गेले?"

असं विचारून ते उत्तराची वाट न पाहता निघून गेले. मोजणीवाला माणूस वादाच्या जागी जास्त वेळ थांबत नाही. तो नोंद करून निघतो.

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट आठवडी बाजारात पोचली आणि बाजारात पोचल्यावर गोष्टीचं जे होतं ते झालं. कुणी म्हणालं, मॅडमनं भिंतीवर चुकीचं शास्त्र काढलं. कुणी म्हणालं, एकोणचाळीस अंश गायब आहेत, चौकशी लागणार. न्हाव्याच्या दुकानात एकानं शपथेवर सांगितलं की हायड्रोजन सरकलाय आणि त्यानं खोलीला तडा जाईल. हॉटेलवाल्यानं जुलेखाची बाजू घेतली, पण त्याचं शिक्षण फ्लोरिनपर्यंतच असल्यानं त्याला फार लढता आलं नाही. आणि सगळ्यांना एक गोष्ट मनापासून आवडली: अखेर जुलेखा मॅडमबद्दल बोलायला काहीतरी सापडलं.

मुख्याध्यापक घाबरट माणूस. त्यांनी मॅडमला बोलावून सांगितलं, काका बैठकीत हेच काढणार. अध्यक्ष त्यांचं ऐकतात. भिंत पुसून टाकू, नाहीतर तिन्ही कोन सारखे करून घेऊ, एकशेवीस-एकशेवीस. कुणाला काय कळतं. कय्युमही तयारच होता. त्याला तर हे पहिल्यापासून हवं होतं. तो दारात डबा घेऊन उभा राहिला. आपा, एक डब्बे का काम है, म्हणाला, तीनों को बराबर बिठा देतूं.

जुलेखानं दोघांनाही एकच उत्तर दिलं. एकशेवीसचे तीन केले तर अमोनिया सपाट पडला, पोळीसारखा. आणि ज्या बाईनं जागा मिळावी म्हणून अमोनिया सपाट केला, तिला बारावी द्यायची कशाला?  कय्युम डबा घेऊन परत गेला, पण जाताना अमोनियाकडं असं बघत गेला जसा आचारी खारट भाजीकडं बघतो.

घरी अय्याजनं नेहमीसारखी मान हलवली नाही. म्हणाला, संतराम काकांशी भांडू नको, त्यांचं म्हणणं ऐकून घे, चार चांगले शब्द बोल, जागा हातची जाईल. जुलेखा भाकरी थापत होती. परातीत पिठाचा गोळा गोल पसरत होता आणि तिचं डोकं त्या तीनशे एकवीसमध्ये अडकलं होतं. काकांना चुकीचं कसं म्हणायचं? बेरीज तर बरोबर होती. एका ठिकाणाहून निघालेल्या तीन रेघा कागदावर पसरल्या तर कोन तीनशे साठ भरलेच पाहिजेत. भरत नाहीत म्हणजे—

तिचा हात परातीतच थांबला. मग ती हसली. इतकी हसली, की अय्याज दुकानाचा हिशेब सोडून स्वयंपाकघरात आला. भाकर तव्यावर काळी झाली, तिला पत्ता नाही.

"काका बराबर आहेत," ती म्हणाली. "सगळ्या वर्गाला इतकी वर्षं शिकवलं, एकानंही ही बेरीज केली न्हाई. काकांनी केली. आणि त्या बेरजेतच उत्तर आहे."

अय्याजला काही कळलं नाही, पण तिचा आवाज पूर्ववत रस्त्यापलीकडं जायला लागला हे कळलं. त्याला तेवढं पुरे होतं. त्यानं मान हलवली.

बैठकीच्या दिवशी नव्या खुर्च्यांवर कार्यकारिणी बसली. अध्यक्ष मध्ये, मोठे शेतकरी, हळदीचे व्यापारी, बोलायला कमी. संतराम काका डाव्या हाताला, मांडीवर एक लांबट पिशवी, तिच्यात पट्टी आणि कोनमापक. प्रमोद आधीच बोलून गेला होता. चांगला बोलला, व्हिडिओ दाखवला, पंखा लागला म्हणून त्याचा टाय उडत होता तेवढंच. आता जुलेखाची पाळी. अध्यक्षांनी नेहमीचे प्रश्न विचारले. मग काकांकडं पाहिलं.

काकांनी भिंतीकडं बोट केलं. "तीच गोष्ट. एकोणचाळीस अंश."

खोलीत सगळ्यांनी खुर्च्या सावरल्या. दाराबाहेर शिपाई, हॉटेलवाला आणि कय्युम कान लावून.

जुलेखानं पुस्तक काढलं नाही. तिनं जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद काढला, त्यावर वाटी ठेवून गोल आखला आणि कापला. मग म्हणाली, काका, तुमचं कोनमापक द्या. काकांनी दिलं, पण नजर त्याच्यावर ठेवून; जमीन मोजणारा माणूस आपलं हत्यार दुसऱ्याच्या हाती देतो तेव्हा असंच बघतो. तिनं मध्यापासून एक रेघ ओढली. मग दुसरी, आणि कोनमापक लावून काकांनाच वाचायला सांगितलं. एकशे सात. तिसरी रेघ. पुन्हा एकशे सात. चौथी, पुन्हा एकशे सात. आता गोल पूर्ण व्हायला एक अरुंद पाचर उरली.

"ही किती?" तिनं विचारलं.

काकांनी वाकून मोजली. "एकोणचाळीस."

"बराबर?"

"बराबर."

तिनं कात्री घेतली आणि ती पाचर कापून काढली. बापाच्या दुकानात लहानपणापासून सपाट कापडाला टक्स घेतला, म्हणजे पाचरीसारखी चुणी दुमडून शिवली, की ते कसं उठून येतं हे तिनं रोज पाहिलं होतं. त्यामुळं कात्री रेघेवरून सरळ गेली. पाचर काकांच्या तळहातावर ठेवली. मग उरलेल्या कागदाची गोलाई रेघांच्या टोकापासून टोकापर्यंत सरळ छाटली, दोन रेघांवर घड्या घातल्या आणि कापलेल्या दोन कडा जवळ आणून चिकटपट्टीनं जोडल्या. कागद आपोआप उठला. तीन बाजूंचा छोटा बसका तंबू झाला, टेबलावर तीन कोपऱ्यांनी उभा.

 अध्यक्षांनी चष्मा नाकावर सरकवला.

"टोकावर नायट्रोजन," जुलेखा म्हणाली. "खाली तीन कोपऱ्यांवर तीन हायड्रोजन. आता हे कोन मोजा, तंबूच्या अंगावरून."

काकांनी एकेका बाजूवर कोनमापक टेकवलं. तिन्हीकडं एकशे सात. मग तंबू उचलून बाजूनं डोळ्यासमोर धरला, जसं एक डोळा मिटून ते खांबांची ओळ बघायचे, आणि मग भिंतीवरच्या अमोनियाकडं पाहिलं. पुन्हा तंबू. पुन्हा भिंत.

"म्हंजे हे उभं आहे," ते सावकाश म्हणाले. "आणि भिंतीवर त्याची सावली पडल्यासारखं."

"व्हय. तीनशे साठ भरले असते तर अमोनिया जमिनीसारखा सपाट असता. भरत न्हाईत, म्हणून तो उठतो. तुम्ही डोंगरावरचं शेत कागदावर उतरवता तेव्हा उतार कागदावर राहतो का?"

 डोंगरावरची शेतं काकांना जन्मभर छळून गेली होती.

"पाणी काहून बराबर आलं मग?" त्यांनी विचारलं.

जुलेखाला हा प्रश्न येणार हे माहीत होतं; ती तोंडभरून हसली. पाण्यात अणूच तीन, ती म्हणाली, एक ऑक्सिजन, दोन हायड्रोजन. तीन ठिकाणं कुठंही असू द्या, ती एका सपाट कागदावर बसतात. म्हणून भिंतीवरचा कोन खरा. पण काका, तुमच्यापासून एक लपवलं. त्या दोन पाकळ्या सशाच्या कानांसारख्या भिंतीला चिकटवल्यात, तशा त्या नाहीत. एक आपल्याकडं झुकलेली, दुसरी भिंतीत मागं. ते काढायला गेले असते तर कय्युमभाई गाव सोडून गेला असता.

दाराबाहेरून कय्युमचा खोकला ऐकू आला.

काकांनी तळहातावरची पाचर उचलली. "आणि ही? ही काहून गेली? कुणी नेली?"

जुलेखा भिंतीपाशी गेली आणि नायट्रोजनच्या डोक्यावरच्या फुगीर पाकळीवर बोट टेकवलं. म्हणाली, हिनं. लोन पेअर, एकाकी जोडी. हिला दुसऱ्या बाजूनं ओढणारं कुणी नाही म्हणून ही डोक्यावर जाड होऊन बसते आणि तिघांना खाली दाबते. ही नसती तर तीन जोड्या सपाट पसरल्या असत्या, एकशेवीस-एकशेवीस, तुमचे तीनशे साठ पूर्ण. वर्गात मी हिला माहेरवाशीण म्हणते, पण तुम्हाला तुमच्या भाषेत सांगते.

ती काकांकडं वळली. "हिचा जागेवर कब्जा आहे, पण सातबाऱ्यावर नाव न्हाई. रेणूच्या आकाराचं नाव ठेवताना फक्त अणू धरतात, म्हणून अमोनियाला पिरॅमिड म्हणतात आणि हिला कुणी विचारत न्हाई. पण बांध सरकवते ती हीच."

संतराम काका खुर्चीत मागं टेकले. त्यांच्या सगळ्या नोकरीत अशी किती माणसं होती: कागदावर कुठंच नाव नाही, पण शेताच्या कडेला कुडाची झोपडी टाकून बसलेली आणि त्यांच्यामुळं शेजाऱ्याचा धुरा, म्हणजे बांध, सरकलेला. नकाशावर ती कधी दिसली नाहीत. दिसायची ती जागेवर गेल्यावर.

"मग पाण्यात दोघी," काका म्हणाले. आता ते विचारत नव्हते.

"दोघी. म्हणून एकशे साडेचार."

"आणि मिथेनात?"

"एकही न्हाई. चौघांची नावं लागलेली, चारी सारखी. एकशे साडेनऊ." ती थांबली. "पण ते भिंतीवर मोजलंत तर तेही चुकीचंच निघेल. म्हणून मी ते छताजवळ काढलं."

अध्यक्ष हळदीचा भाव चढल्यावरही हसत नाहीत. त्या दिवशी हसले.

मग त्यांनी जुलेखाला बाहेर थांबायला सांगितलं. आत काय झालं ते बाहेर लगेच कळलं, कारण दार नवं होतं आणि अजून नीट बसत नव्हतं. एका सदस्यानं प्रमोदच्या व्हिडिओचं नाव काढलं. दुसरा म्हणाला, बाई हुशार, पण काकांचं काय? मग अध्यक्षांनी थेट विचारलं, संतरामजी, हरकत आहे का?

हरकत आहे, काका म्हणाले. बाहेर कय्युमनं जुलेखाकडं पाहिलं. जुलेखानं दाराकडं.

"ठरावात लिहा," काकांचा आवाज आला. "अमोनियाच्या आकृतीखाली एक ओळ रंगवायची: आकृती मोजणीसाठी नाही. असं न लिहिता नकाशा लावणं मला मान्य न्हाई. उद्या दुसरा कुणी येऊन पट्टी लावील आणि लेकरं गोंधळतील."

"आणि जागेचं?"

"जागेचं काय? तिची मोजणी झाली. बाईला बारावी द्या. त्या पोराच्या व्हिडिओत मी प्रश्न विचारला असता तर त्यानं काय केलं असतं? पुढचा व्हिडिओ लावला असता."

ठराव त्याच वेळी लिहिला गेला. काकांनी तो वाचून एका ठिकाणी स्वल्पविराम टाकायला लावला.

बाहेर आल्यावर काकांनी जुलेखाला तंबू परत दिला नाही. घरी शालूबाईला दाखवायचा आहे म्हणाले. गावात नंतर असंही बोललं गेलं, की शालूबाईनं तो उलटा धरून त्यात मीठ ठेवलं. पण हे हॉटेलवाल्याचं सांगणं, त्यावर किती विश्वास ठेवायचा ते ज्याचं त्यानं ठरवावं. एवढं मात्र खरं, की जाता जाता काका थांबून म्हणाले, "पोरी, पहिल्या दिवशी पुस्तकाचं नाव सांगितलंस तेव्हाच हे दाखवलं असतंस, तर मी बाजारात बोललो नसतो."

"काका, पहिल्या दिवशी मला हे सुचलंच नव्हतं," जुलेखा म्हणाली. "तुमची बेरीज ऐकली तेव्हा सुचलं."

काकांनी हे ऐकलं, पिशवी काखेत मारली आणि चालू लागले. पण दाराबाहेर त्यांची चाल बदलली होती. शिपायानं पाहिलं, शिपाई खोटं बोलत नाही, फक्त वाढवून सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कय्युम आला आणि अमोनियाखाली ती ओळ रंगवली, लाल रंगात, ट्रॉलीवर लिहितात तशी ठसठशीत. तो ब्रश धूत होता तेव्हा जुलेखा मुख्याध्यापकांच्या खोलीत नवं वेळापत्रक भरत होती. बारावीच्या रसायनशास्त्राच्या सगळ्या चौकोनांत तिनं एकामागून एक आपलं नाव लिहिलं, पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट. शेवटचा चौकोन भरायच्या आत घंटा झाली. तिनं पेन तसंच वेळापत्रकावर ठेवलं, खडू उचलला आणि बारावीच्या वर्गात गेली. थोड्याच वेळात रस्त्यापलीकडं हॉटेलात चहाचे कप थांबले.